स्वस्त लीड, महाग लीड आणि मधे हरवलेला फोन: सीपीएल आणि लीडची प्रत एकाच तक्त्यात कशी मांडायची

महिन्याच्या पहिल्या सोमवारी पुण्यात बाणेरमधल्या एका बिल्डरच्या ऑफिसात आमची मीटिंग असायची. जाहिरात बघून फॉर्म भरणारा प्रत्येक माणूस म्हणजे एक लीड, आणि त्याचा हिशेब मी लॅपटॉपवर दाखवायचो, "फेसबुकचा लीड साडेतीनशेला पडला, गुगलचा चौदाशेला." समोरून सेल्स हेड म्हणायचे, "फेसबुकचे लीड भंगार आहेत हो, कोणी फोनच उचलत नाही." मालक दोघांकडे बघायचे आणि म्हणायचे, "मग बंद करायचं का फेसबुक?" चार महिने हाच संवाद झाला. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, पण माझा आकडा एका शीटमध्ये होता आणि त्यांचा अनुभव दुसऱ्या शीटमध्ये. ती दोन शीट जोडल्यावर जे दिसलं ते आम्हा दोघांनाही फारसं आवडलं नाही. ती जोडणी कशी करायची आणि जोडल्यावर काय तपासायचं, ते इथे सांगतो. उदाहरण पुनावळ्याजवळच्या 2 बीएचकेच्या प्रकल्पाचं आहे. ओळख पटू नये आणि हिशेब सोपा राहावा म्हणून आकडे गोल केलेत.

आधी खर्च खरा लिहा

अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये खर्चाचा जो आकडा दिसतो, त्यात जीएसटी नसतो. बऱ्याच धंद्यांत त्याने बिघडत नाही, कारण भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढच्या कराच्या देण्यातून वजा होतो. घरांच्या बाबतीत तसं नाही. 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवर ग्राहकाकडून 5 टक्के, परवडणाऱ्या घरांवर 1 टक्का जीएसटी घेतात आणि त्या बदल्यात बिल्डरला इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे जाहिरातीवरचा 18 टक्के कर त्याच्या खिशातूनच जातो. आमच्या महिन्यात दोन्हीकडे 1,20,000 रुपये लावले होते. खरा खर्च प्रत्येकी 1,41,600. फेसबुकवरून 400 लीड आले, गुगल सर्चवरून 100. सीपीएल, म्हणजे एका लीडमागचा खर्च, 354 आणि 1,416.

एजन्सीची फी, व्हिडिओचं शूट वगैरे या तक्त्यात घालू नका. ते दोन्ही स्रोतांत वाटायचं कसं यावरच अर्धा तास जातो आणि तुलना जिथल्या तिथे राहते.

लीड जोडायचा तो फोन नंबरावर

जाहिरातीकडची यादी आणि सेल्सची यादी यांना जोडणारा एकच धागा असतो, तो म्हणजे मोबाइल नंबर. पण फेसबुकच्या फाइलमध्ये नंबर `p:+91` लावून येतो, वेबसाइटच्या फॉर्ममध्ये कोणी आधी शून्य लावतं, कोणी मधे जागा सोडतं. गुगल शीटमध्ये मूळ नंबर C कॉलममध्ये असेल तर D मध्ये हे लिहा, म्हणजे शेवटचे दहा आकडे तेवढे उरतात:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(C2),"[^0-9]",""),10)
```

सगळ्या स्रोतांचे लीड एकाच शीटमध्ये, आलेल्या वेळेच्या क्रमाने, जुना वर आणि नवा खाली असे लावा. लीड आल्याची वेळ A मध्ये ठेवा, मग F मध्ये दुबार ओळखा:

```
=IF(COUNTIFS($D$2:D2,D2,$A$2:A2,">="&(A2-60))=1,"पहिला","दुबार")
```

इथे एक निर्णय आधीच घ्यावा लागतो. एकाने फेसबुकवर फॉर्म भरला आणि चार दिवसांनी प्रकल्पाचं नाव गुगलवर शोधून परत भरला, तर तो कोणाचा? आम्ही ठरवलं, 60 दिवसांच्या आत पहिला जिथून आला त्याचा. हा नियम सर्वांगाने न्याय्य आहे असं नाही, पण दर महिन्याला तोच ठेवला की महिन्यांची तुलना तरी नीट होते. वरच्या सूत्रातलं `A2-60` त्यासाठीच आहे, म्हणून आधीच्या 60 दिवसांचे लीड शीटमध्ये राहू द्या.

दुबार काढल्यावर फेसबुकचे 370 उरले, गुगलचे 96.

आणखी एक बारीक गोष्ट. फेसबुकच्या फाइलमधल्या `created_time` च्या शेवटी वेळेचा फरक लिहिलेला असतो. तिथे +05:30 आहे का ते बघा. नसेल तर आधी भारतीय वेळेत आणा. मग मधला `T` आणि शेवटचा फरक काढून ती A मध्ये खऱ्या तारीख-वेळेच्या रूपात ठेवा, नाहीतर शीट तिला नुसता मजकूर समजतं. पुढे सगळी मजा वेळेवरच आहे, आणि एकदा आम्ही हे न बघितल्यामुळे भर दुपारचे लीड मध्यरात्रीचे समजून बसलो होतो.

शेऱ्यांची यादी लहान करा

प्रीसेल्समध्ये फोन करणाऱ्या एका ताईंच्या शेजारी मी एक सकाळ बसलो. त्यांच्या सीआरएममध्ये, म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, शेऱ्यांचे तेवीस पर्याय होते. 'आरएनआर', 'स्विच ऑफ', 'नॉट रीचेबल', 'कॉल वेटिंग', 'बिझी', 'कॉल बॅक', 'नॉट इंटरेस्टेड', 'लो बजेट', 'लोकेशन मिसमॅच', असं करत खाली खाली. एका माणसाने सांगितलं, "आत्ता मीटिंगमध्ये आहे, संध्याकाळी करा." ताईंनी 'नॉट इंटरेस्टेड' दाबलं. मी विचारलं, असं का? त्या म्हणाल्या, "अहो सर, कॉल बॅक टाकलं की उद्या माझ्याच नावावर पेंडिंग दिसतं. संध्याकाळी सातला मी घरी जाते, तेव्हा कोण करणार त्याला?"

त्या एका वाक्यात आमच्या रिपोर्टचा निम्मा घोळ होता. ताईंचं काही चुकत नव्हतं. पेंडिंग कमी ठेवायला सांगितलं होतं, त्या कमी ठेवत होत्या.

म्हणून एक मोठी यादी मोडून दोन छोटे कॉलम करा. पहिला 'पायरी', त्यात फक्त आकडा. 0 म्हणजे बोलणं झालेलं नाही, 1 म्हणजे बोलणं झालं, 2 म्हणजे योग्य ग्राहक, 3 म्हणजे साइट व्हिजिट झाली, 4 म्हणजे बुकिंग. हा आकडा पुढे जातो, मागे कधीच येत नाही. साइट बघून गेलेला माणूस नंतर नको म्हणाला तरी त्याची पायरी 3 राहते. नेहमीच्या सीआरएममध्ये 'सध्याची स्थिती' एवढंच असतं, त्यामुळे व्हिजिट करून नकार दिलेला माणूस 'नॉट इंटरेस्टेड'च्या ढिगात पडतो आणि ज्या जाहिरातीने त्याला साइटपर्यंत आणलं तिच्या नावावर एक भंगार लीड लागतो.

दुसरा कॉलम 'कारण', तो पायरी थांबली तर भरायचा. बजेट, ठिकाण, घर आधीच घेतलं, नंतर बघू, चुकीचा नंबर, फॉर्म भरलाच नाही म्हणतात, आणि उचलत नाहीत. सात पुरे होतात. 'नॉट इंटरेस्टेड' हा पर्यायच काढून टाका. ते कारण नाही, ते फोन संपल्याचं लक्षण आहे.

'योग्य' कोणाला म्हणायचं हे लिहून भिंतीवर लावा. आमचं असं होतं: बजेट सगळं धरून 75 लाखांच्या वर, पुनावळे-ताथवडे-रावेत पट्टा चालतो असं स्वतः म्हणाला, आणि सहा महिन्यांत घ्यायचंय. तिन्ही 'हो' असतील तरच 2. आधी एका ताईंच्या यादीत दर दोन बोलण्यांमागे एक योग्य निघायचा, दुसऱ्यांच्या यादीत आठामागे एक. लीड त्याच ढिगातले होते.

'उचलत नाहीत' हे कारण तीन दिवसांत, वेगवेगळ्या वेळी पाच प्रयत्न झाल्याशिवाय लावायचं नाही. तोपर्यंत लीड 'अजून ठरलं नाही' यात राहतो. हा तिसरा ढीग रिपोर्टमध्ये वेगळा दिसायलाच हवा. तो चांगल्यातही धरू नका आणि वाईटातही.

एकवीस दिवस थांबा

लीड ज्या तारखेला आला त्या तारखेने मोजा, शेरा कधी लागला त्या तारखेने नाही. जूनमध्ये आलेल्या लीडची व्हिजिट जुलैत झाली तरी ती जूनच्या खर्चाच्या नावावर. नाहीतर ज्या महिन्यात खर्च कमी केला, त्याच महिन्यात व्हिजिट भरपूर दिसतात आणि मालकांना वाटतं जाहिरातीशिवायही चालतंय.

एकवीस दिवस का, तर त्यात कोणत्याही वारी आलेल्या लीडला तीन शनिवार-रविवार मिळतात. हिंजवडीत नोकरी करणारा माणूस आठवड्यात संध्याकाळी भूमकर चौक पार करून साइट बघायला येत नाही, तो रविवारी बायको आणि आईवडिलांना घेऊन येतो. सात दिवसांत निकाल लावला तर एकाच रविवारवर सगळं ठरतं, आणि त्या रविवारी पाऊस असला तर संपलंच. पितृपक्षात आलेले लीड मात्र वेगळे काढा. "दसऱ्याला बघू" हा आपल्याकडे नकार नसतो. त्या पंधरवड्याची तुलना नवरात्राशी करून कोणत्याही स्रोताला शिक्षा करू नका.

आता तक्ता

खर्च रिपोर्टच्या B कॉलममध्ये, स्रोताचं नाव A मध्ये. लीडच्या शीटमध्ये आलेली वेळ A ला, स्रोत E ला, दुबार F ला, पायरी I ला. मोजायच्या महिन्याची पहिली तारीख रिपोर्टच्या Z1 मध्ये लिहिली की योग्य लीडमागचा खर्च असा निघतो:

```
=IFERROR($B2/COUNTIFS(Leads!$E:$E,$A2,Leads!$F:$F,"पहिला",Leads!$A:$A,">="&$Z$1,Leads!$A:$A,"<"&EDATE($Z$1,1),Leads!$I:$I,">=2"),"-")
```

`>=2` ऐवजी `>=1` लिहिलं की बोलणं झालेल्या लीडमागचा खर्च, `>=3` लिहिलं की व्हिजिटमागचा. `=2` लिहायची चूक करू नका, पुढे गेलेले लोक गळतात. शीटमध्ये प्रत्येक स्रोताची एक ओळ असते, इथे वाचायला सोपं जावं म्हणून स्रोत कॉलममध्ये मांडलेत.

| | फेसबुक फॉर्म | गुगल सर्च |
|---|---|---|
| वेगळे लीड | 370 | 96 |
| बोलणं झालं | 205 | 74 |
| योग्य | 62 | 38 |
| साइट व्हिजिट | 14 | 12 |
| प्रत्येक योग्य लीडमागे | ₹2,284 | ₹3,726 |
| प्रत्येक व्हिजिटमागे | ₹10,114 | ₹11,800 |

सीपीएलमध्ये चौपट दिसणारा फरक व्हिजिटपाशी जवळपास मिटला. सेल्स हेड खूश झाले, "बघा, म्हणत नव्हतो?" मी म्हटलं, तरीही फेसबुक थोडं स्वस्तच आहे. खरं तर दोघांनीही गप्प बसायला हवं होतं. 14 आणि 12 मधला फरक हा फरकच नाही. लहान आकड्यांसाठी एक ढोबळ नियम वापरा: जो आकडा आला त्याच्या वर्गमुळाइतकं वरखाली नुसत्या योगायोगाने होऊ शकतं. 14 चं वर्गमूळ पावणेचार. म्हणजे पुढच्या महिन्यात काहीही न बदलता 11 किंवा 17 येऊ शकतात. म्हणून महिन्याचा निर्णय 'योग्य' या ओळीवर घ्या, व्हिजिटची ओळ तीन महिने एकत्र करून वाचा, आणि बुकिंगवरून स्रोतांची तुलना महिन्याला तर करूच नका. महिन्यात पाच बुकिंग होतात तिथे एकाच्या सासऱ्यांनी होकार दिला की सगळी टक्केवारी उलटते.

लीड वाईट की फोन उशिरा?

इथपर्यंत बरेच जण येतात आणि थांबतात. पण सेल्सचा शेरा म्हणजे लीडची प्रत नव्हे. त्यात लीडची प्रत आणि फॉलोअपची प्रत दोन्ही मिसळलेल्या असतात. त्या वेगळ्या करायला दोनच गोष्टी हव्यात, पहिला फोन कधी गेला आणि एकूण किती प्रयत्न झाले. दोन्ही सीआरएमच्या किंवा क्लाउड टेलिफोनीच्या कॉल लॉगमधून घ्या, कोणाला तोंडी विचारू नका. पहिल्या फोनची वेळ G कॉलममध्ये आणली की `=(G2-A2)*24` ने तासांतलं अंतर निघतं.

फेसबुकचे 370 लीड आम्ही या अंतराने दोन भागांत टाकले. तासाभरात फोन गेलेले 150 होते. त्यांतल्या 108 जणांशी बोलणं झालं, 38 योग्य निघाले, 10 साइटवर आले. उशिरा फोन गेलेले 220. त्यांतल्या 97 जणांशी बोलणं झालं, 24 योग्य, 4 व्हिजिट. म्हणजे पहिल्या गटात शंभरातले 72 बोलले, दुसऱ्यात 44. ज्यांच्याशी बोलणंच झालं नाही अशा 165 पैकी 98 जणांना फोन एकदाच केला होता. त्या एका फोनच्या जिवावर ते भंगार ठरले होते.

उशीर का व्हायचा हे वेळा बघून लगेच कळलं. फेसबुकवरचे बरेचसे फॉर्म रात्री साडेनऊ ते बाराच्या मधे भरले जात होते. ऑफिस सकाळी दहाला उघडायचं, अकरापर्यंत मीटिंग, मग टीम आधी कालचे पेंडिंग संपवायची. रात्रीच्या लीडला दुपारी एक-दीडला फोन जायचा. गुगलवरचे लोक बहुतेक कामाच्या वेळेत शोधत होते, त्यांना वीस मिनिटांत फोन जायचा. गुगलच्या चांगल्या नावात आमच्या ऑफिसच्या वेळेचाही वाटा होता.

पण थांबा, इथेच एक फसगत होते. रात्री फॉर्म भरणारा माणूस मुळातच वेगळा असू शकतो. पडल्या पडल्या अंगठा फिरवताना भरलेला फॉर्म आणि दुपारी विचार करून भरलेला फॉर्म एक नसेलही. वरचे आकडे एवढंच सांगतात की उशीर आणि वाईट निकाल एकत्र दिसतात. उशिरामुळेच वाईट झालं का, हे कळायला छोटी चाचणी करावी लागते, आणि ती फुकट होते. रात्री साडेनऊनंतर आलेल्या लीडपैकी ज्यांच्या मोबाइलचा शेवटचा आकडा सम, त्यांना सकाळी साडेदहाच्या आत फोन. विषम असेल त्यांना नेहमीच्या क्रमाने. शेवटच्या आकड्याचा आणि घर घेण्याच्या इच्छेचा काही संबंध नाही, त्यामुळे दोन्ही गटांत लोक सारखेच पडतात. कोणाला आधी फोन करायचा हे टीमवर सोपवलं, तर नावावरून, ईमेलवरून निवड होतेच.

दोन आठवड्यांत रात्रीचे 112 लीड आले. समचे 55, त्यांतल्या 38 जणांशी बोलणं झालं. विषमचे 57, त्यांतल्या 26 जणांशी. म्हणजे बोलणं होण्यापुरता तरी दोष बराचसा आमच्या घड्याळाचा होता. व्हिजिट 5 आणि 2 आल्या. त्यावर मी काही बोललो नाही, आणि सेल्स हेडनाही बोलू दिलं नाही.

वीस रेकॉर्डिंग ऐका

दर पंधरा दिवसांनी वीस कॉल निवडा, पायरी 1 वर थांबलेले. मार्केटिंगचा एक आणि सेल्सचा एक अशा दोघांनी शेरा न बघता ऐकायचे, आपापली पायरी आणि कारण लिहायचं, मग सीआरएमशी ताडून बघायचं. वीसातले सोळा जुळले तर शेऱ्यांवर विसंबून चालतं. आमचे पहिल्या वेळी अकराच जुळले. 'बजेट नाही' लिहिलेल्या कॉलमध्ये एक माणूस म्हणत होता, "पंचाऐंशी जास्त होतात, पण आत्ताचा फ्लॅट विकला तर जमेल, तुम्ही कॉस्टशीट पाठवा." तो भिंतीवरच्या व्याख्येत बसत होता. त्याला कॉस्टशीट गेलीच नव्हती.

हे ऐकणं टीमला पकडायला नाही, हे पहिल्या दिवशी सांगा आणि तसंच वागा. एकदा कोणाचं इन्सेंटिव्ह यावरून कापलं की पुढच्या महिन्यापासून शेरे छान दिसतील आणि खोटे असतील.

मग काय बदललं

दोन गोष्टी केल्या. एका ताईंची वेळ साडेनऊपासून केली, पहिला तास फक्त रात्रीच्या लीडसाठी. आणि फेसबुकच्या फॉर्मचा प्रकार `More volume` वरून `Higher intent` केला, त्यात पाठवण्याआधी माणसाला आपली माहिती पुन्हा एकदा बघून पक्की करावी लागते. सोबत बजेटचा एक प्रश्न टाकला, उत्तरं निवडायची. फेसबुक प्रोफाइलमधला नंबर फॉर्ममध्ये आपोआप भरतो, आणि तो कधीकाळी बंद केलेला नंबरही असू शकतो. 'चुकीचा नंबर' या कारणातले बरेच लोक खोटारडे नव्हते, त्यांनी नंबर बघितलाच नव्हता.

पुढच्या महिन्यात तेवढ्याच खर्चात 290 लीड आले. सीपीएल 354 वरून 488 वर गेला. योग्य मात्र 62 चे 84 झाले, म्हणजे योग्य लीडमागे 2,284 चे 1,686 रुपये. माझी चूक अशी की दोन्ही बदल एकाच महिन्यात केले. त्यामुळे वेळेने किती फरक पडला आणि फॉर्मने किती, हे मी सांगू शकत नाही. तुम्ही एकेक करा.

यानंतरची पायरी म्हणजे हे शेरे जाहिरातीकडे परत पाठवणं. गुगलसाठी ऑटो-टॅगिंग चालू ठेवा, लँडिंग पेजच्या फॉर्ममध्ये लपलेल्या रकान्यात त्यातून येणारी क्लिकची खूण, `gclid`, साठवा आणि पायरी 2 ला पोचलेल्यांची यादी आठवड्याला अपलोड करा. क्लिकला 90 दिवस उलटले की ती नोंद घेतली जात नाही, म्हणून तिमाहीच्या शेवटी बसून एकदम करू म्हणू नका. फेसबुककडे हेच काम लीडच्या आयडीवरून, निकाल परत कळवणाऱ्या कन्व्हर्जन्स एपीआयने होतं. पण वीस कॉलचा ताळा जमल्याशिवाय यातलं काहीही सुरू करू नका. ताई घरी जायच्या घाईत जे दाबतात त्यावरून यंत्रणा ग्राहक शोधायला शिकेल आणि मन लावून शिकेल.

मालक अजूनही मीटिंगमध्ये पहिला प्रश्न "लीड कितीला पडला?" हाच विचारतात. सीपीएलचा कॉलम मी काढलेला नाही, तक्त्याच्या अगदी उजव्या टोकाला नेऊन ठेवलाय. तिथपर्यंत स्क्रोल करेपर्यंत मधले चार कॉलम त्यांच्या नजरेखालून जातात.